दोरा ताणला की आधी रुंदी बिघडते

प्रश्न: घरच्या जेवणाच्या टेबलासाठी प्लायमधून १५०० बाय ९०० मिमीचा लंबगोल टॉप कापायचाय. दोन खिळे १२०० मिमी अंतरावर ठोकले, त्यांना १५०० मिमीचा दोरा बांधला आणि पेन्सिल फिरवली. आकार चांगला दिसतोय, पण मोजला तर लांबी १५१२ आणि रुंदी ९२० भरली. शिवाय रुंदीच्या मध्यावर जिथून रेघ सुरू केली, तिथे परत येताना ती ३ मिमी चुकली. दोरा टेबलाच्या लांबीएवढाच का घ्यायचा? आणि पेन्सिल फिरताना तो खरंच तेवढाच राहतो का?

उत्तर:

खिळे तुम्ही बरोबर ठोकले आहेत. दोरा ताणला गेलाय, आणि तो सगळीकडे सारखा ताणला गेलेला नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच हे कळतं. लांबीत १२ मिमी वाढ आणि रुंदीत २० मिमी, म्हणजे तीनास पाच हे प्रमाण. या मापाच्या टेबलाला हे प्रमाण फक्त एकाच कारणाने येतं: खिळे जागेवर आहेत आणि दोरा लांब झालाय. खिळ्यांचं अंतर चुकलं असतं तर लांबी बरोबर येऊन एकटी रुंदी बिघडली असती. आता हे असं का होतं ते बघू, म्हणजे पुढच्या वेळी काय धरून ठेवायचं ते आपोआप कळेल.

आधी दोऱ्याची लांबी टेबलाच्या लांबीएवढी का, ते. पेन्सिल उजव्या टोकाला नेऊन थांबवा. उजवा खिळा टोकापासून १५० मिमी आत आहे, कारण १५०० मधून १२०० वजा केले की ३०० उरतात आणि ते दोन्ही टोकांना निम्मे निम्मे जातात. पेन्सिलपासून जवळच्या खिळ्यापर्यंत १५०, आणि लांबच्या खिळ्यापर्यंत १५० अधिक १२००, म्हणजे १३५०. दोन्ही मिळून १५००. दोऱ्याने जवळचे १५० दोनदा घेतले, एकदा या खिळ्यासाठी आणि एकदा त्या खिळ्याकडे जाताना. टेबलाची लांबी मोजतानाही हेच १५० दोनदा येतात, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. म्हणून दोरा आणि लांबी सारखी. खिळे जवळ ठोका की लांब, हा हिशेब बदलत नाही. लांबी दोरा ठरवतो, आणि दोरा तोच ठेवला तर रुंदी खिळ्यांवर ठरते.

आता पेन्सिल टोकापासून हलवा. दोऱ्याची दोन्ही टोकं खिळ्यांना पक्की आहेत, मध्ये फक्त पेन्सिल सरकते. पेन्सिल जिकडे सरकते त्या बाजूचा दोरा जेवढा आखडतो, तेवढाच दुसऱ्या बाजूचा वाढतो. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घातल्यासारखं आहे, एकूण रक्कम तीच. पेन्सिल दोऱ्यात काही घालत नाही आणि काही काढत नाही, फक्त वाटणी बदलते. म्हणून त्या रेघेवर कुठेही थांबलात तरी दोन खिळ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज १५०० च भरते. गणिताच्या पुस्तकात या दोन खिळ्यांच्या जागांना नाभी म्हणतात, आणि लंबवर्तुळाची व्याख्याच ही आहे: दोन नाभींपासूनच्या अंतरांची बेरीज जिथे कायम राहते, ते सगळे बिंदू.

माझ्या शब्दावर जाऊ नका, टेप लावून बघा. तुमच्या मापाचं एक सुख असं की यातले बरेच आकडे पूर्ण मिमीत येतात. रुंदीच्या मध्यावर पेन्सिल असताना दोन्ही खिळ्यांपासून अंतर ७५० आणि ७५०. उजव्या खिळ्याच्या बरोबर वर, गुण्या लावून बघाल तर रेघ २७० मिमी उंचीवर हवी, आणि तिथून डाव्या खिळ्यापर्यंत १२३० भरले पाहिजेत. दोघांची बेरीज परत १५००. अजून एक जागा: टेबलाच्या मध्यापासून लांबीच्या रेघेवर ४५० मिमी उजवीकडे जा आणि तिथून काटकोनात वर ३६० मोजा. त्या बिंदूपासून जवळचा खिळा ३९० वर आणि लांबचा १११० वर. पुन्हा १५००. हे दोन बिंदू, खिळ्यावरचे २७० आणि साडेचारशेवरचे ३६०, मी पेन्सिल लावायच्या आधीच फळीवर बारीक फुलीने मारून ठेवतो. रेघ त्या फुल्यांवरून गेली तर काम बरोबर चाललंय. नाही गेली तर तिथेच हात थांबवायचा.

हेच आकडे दुसऱ्या वाटेनेही येतात, आणि दोऱ्याने काढलेला आकार नुसता कुठलातरी अंडाकार नसून खरं लंबवर्तुळ का, हे त्यातून मला पहिल्यांदा पटलं. १५०० व्यासाचं साधं वर्तुळ घ्या आणि ते रुंदीत दाबून ९०० करा, म्हणजे प्रत्येक उंचीचा तीन पंचमांश भाग ठेवा. वर्तुळावर मध्यापासून ४५० वर उंची ६०० असते. तिचे तीन पंचमांश ३६०. मध्यापासून ६०० वर, म्हणजे खिळ्याच्या जागी, वर्तुळाची उंची ४५०. तिचे तीन पंचमांश २७०. दाबलेलं वर्तुळ आणि दोऱ्याची रेघ एकाच जागी येतात. कुठलीही जागा घेतली तरी येतात. दोन जागा मोजून ते सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण फळीवर काम करणाऱ्याला त्या दोन जागा पुरतात.

ही युक्ती सुतारांनीच काढली असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या चर्चच्या दोन स्थपतींपैकी एक असलेल्या अँथेमियसने ती लिहून ठेवलेली आहे. त्याला आरसा हवा होता, एका जागेवरून निघालेले किरण परत एकाच दुसऱ्या जागी गोळा करणारा. त्या दोन जागा म्हणजे तुमचे दोन खिळे.

आता मुद्द्याचं. बेरीज कायम राहते ही भूमितीची अट आहे, दोऱ्याचा गुण नाही. भूमिती म्हणते की दोरा १५०० राहिला तर हा आकार येईल. तो १५०० ठेवायचा कसा, ते तुमच्या हातात. बाजारातला साधा दोरा रबराइतका नाही, पण ताणतोच. तुम्ही तो बहुतेक टेबलावर सरळ ठेवून, हलक्या हाताने टेपशी धरून १५०० मोजला असणार. मग पेन्सिलने ओढला आणि तो १५१२ झाला. दीड मीटरला १२ मिमी म्हणजे शंभराला एक टक्काही नाही. नायलॉन किंवा सुती दोऱ्याला एवढं काहीच नाही.

हे १२ मिमी रुंदीला २० कसे होतात ते बघा. पेन्सिल रुंदीच्या मध्यावर असताना दोऱ्याचे दोन सारखे भाग होतात, प्रत्येक ७५०. खिळ्यापासून टेबलाच्या मध्यापर्यंत ६००. म्हणजे एक काटकोन त्रिकोण झाला: तळ ६००, तिरकी बाजू ७५०, उभी बाजू ४५०. गवंडी काटकोन काढायला तीन-चार-पाच धरतात तोच हा त्रिकोण, १५० पटीने मोठा केलेला. आता दोरा १५१२ झाला, म्हणजे तिरकी बाजू ७५६. तळ हलत नाही, कारण खिळा ठोकलेला आहे. मग उभी बाजू किती? ७५६ चा वर्ग ५,७१,५३६. त्यातून ६०० चा वर्ग ३,६०,००० वजा केला की २,११,५३६ उरतात, आणि त्यांचं वर्गमूळ ४६० ला अगदी चिकटून आहे. तिरकी बाजू ६ ने वाढली आणि उभी १० ने. दोन्ही बाजूंची मिळून रुंदी ९२०. तुमच्या टेपने जे दाखवलं तेच.

कारण सोपं आहे. दोरा तिरका आहे आणि जास्त आडवाच आहे. त्याला वाढायला जागा फक्त वरच्या दिशेने, कारण खालचं टोक बांधलेलं. वाढलेली सगळी लांबी उंचीत जाते आणि जाताना मोठी होते. टेबल जितकं निमुळतं, तितकं हे जास्त. तुमच्या टेबलाला ही वाढ पाच तृतीयांश पट आहे. कुणी १५०० बाय ३०० चा आरसा मागितला तर तीच वाढ पाच पट होते, आणि खिळे टोकांपासून जेमतेम १५ मिमी आत येतात. तिथे दोरा वापरायचाच नाही. उलट, जवळजवळ गोल टेबलाला ती वाढ जवळपास एकास एक असते आणि दोरा फारसा दगा देत नाही.

तुमची ती ३ मिमीची फट आता वाचता येईल. ती रुंदीच्या मध्यावर आहे, म्हणजे चूक जिथे सगळ्यात मोठी दिसते तिथे. एका बाजूला ३ मिमी चुकायला दोरा पेन्सिल फिरताना साडेतीन-चार मिमीने कमीजास्त झाला असला पाहिजे. हात दमला, ओढ कमी झाली. किंवा गाठ हळूहळू आवळत गेली. दोन्ही होत असतं.

हे मी स्वतः महाग शिकलोय. काम शिकून दोन-तीन वर्षं झाली होती. ओढून मोठं करायचं, म्हणजे मधून उघडणारं टेबल होतं. दोन अर्धे टॉप वेगवेगळ्या फळ्यांवर. पहिला अर्धा जेवणाआधी आखला, दुसरा जेवणानंतर. खिळ्यांचा फर्मा तोच, दोरा तोच, नायलॉनचा. मधल्या वेळात तो खिळ्यांवर ताणूनच ठेवला होता. दोन्ही कापले, कडा घासल्या आणि शेजारी लावले. जोडावर दोन्ही बाजूंना ५ मिमीची पायरी. जेवणाच्या सुट्टीत दोरा सहा मिमी वाढला होता. कड घासून पायरी घालवायला गेलो तर बाक मोडला. बोट फिरवलं की सपाट जागा लागायची. तो अर्धा परत नवीन प्लायमधून कापावा लागला, आणि प्लायचे पैसे माझ्या मजुरीतून गेले.

तेव्हापासून मी दोऱ्याची लांबी टेपने मोजणंच सोडलं. लांबी पेन्सिलवर ठरवतो. कसं ते सांगतो, तुमच्याच मापाने.

पूर्ण आकार फळीवर काढायचा नाही. फक्त चौथा भाग काढायचा, तोही ६ मिमीच्या एमडीएफवर किंवा हार्डबोर्डवर, आणि त्याचा फर्मा कापायचा. चारही कोपरे एकाच फर्म्याने आखले की डावं-उजवं जुळण्याचा प्रश्नच राहत नाही. त्यासाठी बोर्डवर काटकोनात दोन रेघा मारा, एक लांबीची आणि एक रुंदीची. जिथे त्या छेदतात तो टेबलाचा मध्य. मध्यापासून लांबीच्या रेघेवर दोन्हीकडे ६०० वर खिळे. डावीकडच्या टोकासाठी ७५० वर खूण, वर ४५० वर खूण. शिवाय मघाच्या दोन फुल्या, ६०० वर २७० आणि ४५० वर ३६०, डाव्याच बाजूला.

खिळे बारीक घ्या, दोन मिमीच्या आसपासचे, पण वाकणारे नकोत. बोर्डाखाली जाड फळी ठेवून ते त्यात पक्के ठोका. ६ मिमीच्या बोर्डात नुसता ठोकलेला खिळा ओढीने आत कलतो आणि ते डोळ्याला दिसत नाही. दोन्ही खिळे मिळून १० मिमी जवळ आले तरी रुंदी १३ मिमी वाढते, आणि लांबी मात्र तशीच राहते. लांबी बरोबर आणि रुंदी जास्त असं कधी आलं तर आधी खिळे हलवून बघा.

दोरा पॉलिएस्टरचा विणलेला घ्या, खिडकीच्या ब्लाइंडला असतो तसा, पण त्यातला बारीक. नायलॉन नको, सुतळी नको, काथ्या तर नकोच. तो आदल्या रात्री एखादं वजन लावून टांगून ठेवला तर त्याला जे काही लांब व्हायचंय ते रात्रीच होऊन जातं. मी पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगतो.

आता बांधणं. डाव्या खिळ्याला दोऱ्याच्या टोकाचा छोटा पक्का फास करून अडकवा. उजव्या खिळ्याला मात्र गाठ मारायची नाही. त्याच्याभोवती दोऱ्याचा एक पूर्ण वेढा घ्या आणि उरलेलं टोक खाली, जिकडे पेन्सिल जाणार नाही त्या बाजूला, वायसर घातलेल्या स्क्रूखाली ढिलं धरून ठेवा. मग पेन्सिल दोऱ्यात घालून वरच्या ४५० च्या खुणेवर उभी करा. टोक बरोबर खुणेवर, पेन्सिल सरळ उभी. आखताना जेवढ्या जोराने ओढणार तेवढ्याच जोराने आत्ता ओढून धरा आणि दुसऱ्या कुणाला स्क्रू आवळायला सांगा. मदतीला कुणी नसेल तर ४५० च्या खुणेवर तात्पुरता खिळा ठोकून त्यावर दोरा ताणता येतो, पण तो खिळा पेन्सिलच्या टोकाइतकाच बारीक हवा.

यात काय झालं बघा. दोरा ताणलेल्या अवस्थेतच मापला गेला. डाव्या फासाने किती दोरा खाल्ला, उजव्या वेढ्यात किती गेला, हे मोजायची गरज उरली नाही. आणि माप आपण रुंदीच्या मध्यावर ठरवलं, जिथे चूक सगळ्यात मोठी दिसते. तिथे एक मिमीत आणलं की टोकाला ती चूक अर्ध्या मिमीच्या जरा वर असते. टोकावर माप ठरवलं असतं तर उलटं झालं असतं. तिथली एक मिमीची चूक रुंदीला दीडच्या पुढे गेली असती.

पेन्सिलच्या जाडीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे फार कुणी सांगत नाही. दोरा पेन्सिलच्या बाहेरच्या अंगाने जातो आणि रेघ मारतं मधलं शिसं. त्या दोघांमध्ये पेन्सिलची अर्धी जाडी आहे. आठ मिमी जाडीच्या पेन्सिलीचा घेर २५ मिमी. पेन्सिल टेबलाच्या टोकाला असते तेव्हा दोरा तिला अर्धा वेढा घालतो आणि साडेबारा मिमी दोरा त्यातच जातो. रुंदीच्या मध्यावर दोरा तिला जेमतेम एक पंचमांश वेढा घालतो, म्हणजे पाच मिमी. म्हणजे दोऱ्याची कामाची लांबी फिरता फिरता साडेसात मिमीने बदलली, दोरा एक केसभरही न ताणता! ही चूक सुरुवातीला दोरा कमीजास्त करून जात नाही, कारण ती प्रत्येक जागी वेगळी आहे. उपाय एकच. पेन्सिलला शिशाच्या शक्य तितकं जवळ, लाकूड संपतं तिथे, ब्लेडने बारीक खाच पाडा. दोरा त्या खाचेत बसवा. तिथे जाडी दोन-अडीच मिमीच असते, आणि चूक दोन मिमीच्या आसपास येते. पेन्सिल कलली तर मात्र खाचेचा उपयोग जातो. दोरा बोर्डापासून वर चढतो आणि टोक आतबाहेर होतं. म्हणून मी लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला भोक पाडून त्यात पेन्सिल उभी बसवतो आणि ठोकळा बोर्डवर सरकवतो. ठोकळ्याच्या तळाला दोऱ्यासाठी चर काढलेली असते.

आता आखा. वरच्या खुणेपासून डाव्या टोकाकडे या, एका दमात, ओढ तेवढीच ठेवून. ३६० ची फुली लागेल, मग २७० ची, मग ७५० ची खूण. या तिघी सापडल्या की परत उलटं जा आणि रेघ त्याच रेघेवर पडतेय का बघा. दोन रेघा दिसल्या तर दोरा किंवा हात हललाय.

चौथाईच का, याचं आणखी एक कारण आहे. पूर्ण फेरीत बांधलेला दोरा खिळ्यांना अडकतो, त्याला उचलून दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं. काही जण टोकं न बांधता दोऱ्याची बंद माळ करून दोन्ही खिळ्यांभोवती टाकतात. तुमच्या मापाला ती २७०० ची, म्हणजे १५०० अधिक खिळ्यांमधले १२००. हिशेब तोच. पण माळेला एक गाठ असते. वरचा अर्धा आखताना ती खिळ्यांच्या मधल्या भागात आरामात पडून राहते. पेन्सिल टोकाला वळसा घालून खाली आली की दोऱ्याचे भाग अदलाबदल होतात. जो मधे होता तो पेन्सिलकडे येतो, आणि अर्ध्या वाटेत पेन्सिल गाठीवर आपटते. रेघेत तिथे खुंट दिसतो. माळ वापरायचीच असेल तर अर्धं आखून ती काढा, गाठ पुन्हा मधे येईल अशी उलटी घाला, आणि उरलेलं आखा.

फर्मा कापताना एकच जागा जपायची, त्याची दोन्ही टोकं. रेघ वरच्या खुणेवर रुंदीच्या रेघेला काटकोनात भेटली पाहिजे, आणि डाव्या टोकाला लांबीच्या रेघेला काटकोनात. घासताना तिथे जरा जरी उतार दिला तरी फर्मा उलटल्यावर त्या जागी टोचणारं टोक किंवा खळगा येतो. मी त्या दोन्ही टोकांना २० मिमी फर्मा जास्त ठेवतो, म्हणजे रेघ अक्षाच्या थोडी पलीकडेही चालू राहते, आणि घासपट्टी शेवटावर थांबत नाही.

टॉपला आत ५० मिमीवर वेगळ्या लाकडाची पट्टी किंवा चर काढायचा विचार असेल, तर त्यासाठी दोरा १०० ने कमी करून त्याच खिळ्यांवर फिरवू नका. बरेच जण हेच करतात. दोरा १४०० झाला की टोकाला बरोबर ५० मिमी सुटतात, पण रुंदीत? तिरकी बाजू ७००, तळ तोच ६००, उभी बाजू ३६० आणि वर थोडी. म्हणजे ४५० मधून जवळजवळ ९० गेले. टोकाला ५० ची पट्टी आणि बाजूला ९० ची. पुन्हा तेच, दोऱ्यातली कमीजास्त रुंदीत फुगून येते. सगळीकडे ५० हवे असतील तर आधी बाहेरची कड कापून घ्या आणि राउटरचा गाइड कडेला टेकवून आतली रेघ काढा. ती आतली रेघ मग लंबवर्तुळ नसते, पण डोळ्याला तीच बरोबर दिसते.

एवढ्यात दोरा एका खिळ्याभोवती जास्तीचा फिरवून अंड्यासारखा आकार काढून बघायची हौस आली तर जरूर बघा. पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झालेला जेम्स क्लार्क मॅक्सवेल चौदा वर्षांचा असताना त्याने असेच दोऱ्याचे आकार काढले होते, आणि १८४६ मध्ये ते एडिनबरोच्या रॉयल सोसायटीत मांडले गेले. तिथे बेरीज साधी राहत नाही, एका खिळ्याचं अंतर दुप्पट धरलं जातं. टेबलाला मात्र नको. एक टोक निमुळतं होतं आणि तिथल्या माणसाचं ताट बसत नाही.

तुम्ही आखलेला प्लाय वाया गेलेला नाही. तुमची रेघ टोकाला ६ मिमी आणि मध्यावर १० मिमी बाहेर आहे, म्हणजे हवा असलेला आकार तिच्या पूर्ण आत बसतो. नवीन फर्म्याने दुसऱ्या रंगाची रेघ मारा. दोन रेघांमधली जागा मध्यावर १० पासून सुरू होऊन टोकाकडे हळूहळू ६ वर उतरली पाहिजे. तुमच्या दोऱ्याची ओढ फिरताना बदलली होती, म्हणून कुठेतरी ती दोन-तीन मिमीने हलेल, पण मध्येच कुठे एकदम बारीक किंवा एकदम रुंद झाली तर फर्मा त्या जागी परत तपासा. आणि जिगसॉ नवीन रेघेच्या दोन मिमी बाहेरून चालवा. उरलेलं फर्मा लावून राउटरने घ्या, नाहीतर रंध्याने.